पट्टीच्या पाठीवरचं दुसरं नाव

“डॉक्टर, मी २७ वर्षांची आहे. लग्नाला सव्वा वर्ष झालं, अजून दोन वर्षं तरी मूल नको आहे. कुणाला न दाखवता मेडिकलमधून माला-डी आणून सुरू केली, आता तिसरी पट्टी चालू आहे. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पुटकुळ्या आधीपासून होत्या, गोळी सुरू केल्यावर वाढल्यासारख्या वाटतात. संध्याकाळी पाय सुजतात, अंगठी रुतते, छाती जड वाटते, वजन दीड किलो वाढून ६१ झालंय. जाऊबाई म्हणतात, माझी डायान-३५ घे, चेहरा एकदम साफ होईल. ऑफिसातली मैत्रीण यास्मिन घेते, तिला म्हणे सूज अजिबात येत नाही. मेडिकलवाला म्हणतो सगळ्या गोळ्या सारख्याच. मधूनमधून डोकं दुखतं, बाकी काही आजार नाही. यातली कोणती घेऊ?”
— एक वाचक, नाशिक

मेडिकलवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. रोज वेळेवर घेतल्या तर मूल न राहण्याच्या बाबतीत या गोळ्यांमध्ये निवडावा असा फरक नाही. त्वचा, सूज आणि रक्ताची गुठळी या तीन गोष्टींत मात्र फरक पडतो. तो कळायला पट्टी उलटी करून पाठीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

तिथे दोन औषधांची नावं असतात. पहिलं एथिनिल एस्ट्राडायोल, म्हणजे इस्ट्रोजेन. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोळ्यांत ते एकच आहे, फक्त मात्रा थोडी वेगळी: माला-डी आणि यास्मिनमध्ये ०.०३ मिलिग्रॅम, डायानमध्ये ०.०३५. खरा फरक दुसऱ्या नावात आहे. ते प्रोजेस्टोजेन. माला-डीत लेव्होनॉरजेस्ट्रेल, यास्मिनमध्ये ड्रॉस्पिरेनॉन, डायानमध्ये सायप्रोटेरॉन. नोव्हेलॉन किंवा फेमिलॉन कुणी सुचवली, तर तिच्यात डेसोजेस्ट्रेल असतं. ओव्हरल-एल ही माला-डीचीच बहीण, तेच औषध त्याच मात्रेत. त्यामुळे माला-डी सोडून ओव्हरल-एल घेतली तर बदल फक्त वेष्टनात होईल.

आता पुटकुळ्यांचं. बायकांच्या अंगातही टेस्टोस्टेरॉन असतं, आणि हनुवटी-जबड्याच्या तैलग्रंथी त्याला चटकन भुलतात. अशी दोन्ही औषधं असलेली संयुक्त गोळी त्यावर दोन बाजूंनी काम करते. अंडाशयांना विश्रांती मिळाल्यामुळे टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी तयार होतं. शिवाय गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं. हे प्रथिन रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, त्यामुळे तैलग्रंथींपर्यंत मोकळं पोहोचणारं उरतं थोडं. म्हणजे त्वचेचं बरंचसं काम इस्ट्रोजेनच करतं. दुसऱ्या औषधाने ते किती बिघडवायचं किंवा किती साधायचं, एवढंच ठरतं.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची घडण टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली आहे. थोडा पुरुषी अंश त्याच्यात असतो, आणि यकृतात एसएचबीजीची वाढही ते काहीसं दाबतं. डेसोजेस्ट्रेलमध्ये हा अंश बराच कमी. ड्रॉस्पिरेनॉन आणि सायप्रोटेरॉन तर उलट टेस्टोस्टेरॉनचा रस्ताच अडवतात, सायप्रोटेरॉन त्यात जास्त जोरकस. कागदावर हा क्रम नीटनेटका दिसतो आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी तो आम्हाला मोठ्या हौसेने दाखवतात. प्रत्यक्ष बायकांच्या चेहऱ्यावर फरक तेवढा दिसत नाही. खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या संयुक्त गोळीनेही पुटकुळ्या कमीच झाल्या होत्या. एका गोळीची दुसरीशी तुलना केली तेव्हा निकाल पुष्कळदा जवळजवळ सारखे आले.

मग तुमच्या पुटकुळ्या वाढल्या कशा? एक शक्यता म्हणजे अजून वेळच झालेला नाही. आज दिसणारी पुटकुळी त्वचेखाली काही आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. गोळीचा त्वचेवरचा परिणाम तीन महिन्यांनी दिसू लागतो आणि पूर्ण अंदाज यायला सहा महिने लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्रास थोडा वाढलेलाही आढळतो. दुसरी शक्यता, लेव्होनॉरजेस्ट्रेल खरंच तुम्हाला मानवत नाही. सरासरीत चांगलं ठरलेलं औषध एखादीला न मानवणं नवीन नाही. तिसरी तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते: चेहऱ्याला काय लावता? पुटकुळ्यांचे डाग जावेत म्हणून मेडिकलमधून मिळणारं गोरेपणाचं क्रीम लावत असाल तर त्याचीही ट्यूब उलटी करून बघा. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या बारीक पुळ्या उठतात आणि त्या कुठलीही गोळी बदलून जात नाहीत. असं क्रीम फार दिवस लावलं असेल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून कमी करत आणा.

सुजेचं मूळही त्याच इस्ट्रोजेनमध्ये आहे. त्याच्यामुळे यकृतात आणखी एक प्रथिन वाढतं, अँजिओटेन्सिनोजेन. त्यातून मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवण्याचा निरोप जातो, आणि मिठामागे पाणी येतं. अंगठी रुतणं, छाती जड होणं, संध्याकाळी चपलेचा पट्टा उमटणं, हे सगळं त्यातलंच. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा डेसोजेस्ट्रेल इथे काही मदत करत नाहीत. सायप्रोटेरॉनही नाही. म्हणजे जाऊबाईंच्या गोळीने चेहऱ्याचं काहीही झालं तरी सुजेला उतार पडायचं कारण नाही, तिच्यात इस्ट्रोजेन थोडं जास्तच आहे.

ड्रॉस्पिरेनॉनची गोष्ट वेगळी आहे. ते स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या जुन्या औषधाच्या कुळातलं. गोळीतलं ३ मिलिग्रॅम ड्रॉस्पिरेनॉन साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनइतकं काम करतं, म्हणजे मूत्रपिंडाला मीठ सोडायला लावतं. तुमच्या मैत्रिणीचा अनुभव त्यामुळे पटण्यासारखा आहे. पण हा परिणाम सौम्य असतो. इस्ट्रोजेनने साठवलेलं पाणी तो साधारण भागवतो, चरबी उतरवत नाही. ‘यास्मिनने वजन कमी होतं’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

मीठ बाहेर जाताना पोटॅशियम मात्र आत राहतं, आणि ड्रॉस्पिरेनॉनचा धोका इथे आहे. निरोगी मूत्रपिंडाला ते जड जात नाही. मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा अधिवृक्क ग्रंथीचा आजार असेल तर ही गोळी नको. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखं रक्तदाबाचं औषध चालू असेल, अंगदुखी-सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रोज चालू असतील, तर पहिल्याच महिन्यात रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. आणखी एक गोष्ट हल्ली वारंवार बघते: त्वचारोगतज्ज्ञ पुटकुळ्यांसाठी स्पायरोनोलॅक्टोन लिहून देतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ड्रॉस्पिरेनॉन, दोघांना एकमेकांचं माहीत नसतं. दोन्ही एकत्र देता येतात, पण ठरवून आणि तपासून. दोन्हीकडे दोन्ही कागद दाखवा.

आता गुठळीबद्दल, कारण निवड खरी इथे अडते. पायाच्या खोल शिरेत रक्त गोठणं आणि ती गुठळी सुटून फुफ्फुसात जाणं, हा संयुक्त गोळीचा विरळा पण गंभीर धोका आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१३ मध्ये याचा आढावा घेतला. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७ जणींना. डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनॉनच्या गोळीवर ९ ते १२ जणींना. सायप्रोटेरॉनचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दीडपट ते दुप्पट.

हा योगायोग नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल यकृतात इस्ट्रोजेनचा हात धरतं, म्हणून एसएचबीजी कमी वाढतं आणि रक्त गोठवणारे घटकही कमी वाढतात. त्वचेला सोयीची गोळी इस्ट्रोजेनला मोकळं सोडते, मग चेहरा सुधारतो आणि गोठण्याकडे कलही वाढतो. त्वचेचा फायदा आणि गुठळीचा धोका एकाच मुळातून येतात. धोका तरीही लहानच आहे, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो याहून जास्त असतो. पण ज्या घरात आईला, बहिणीला किंवा भावाला पन्नाशीच्या आतच अशी गुठळी झालेली आहे, तिथे मी चेहऱ्यासाठी हे वाढीव ओझं घेत नाही. तुमच्या घरी असं काही आहे का, ते आईला आणि मावश्यांना विचारा. ‘पाय सुजून दवाखान्यात ठेवलं होतं’ किंवा ‘बाळंतपणानंतर अचानक दम लागून गेली’ अशाच भाषेत ते आठवणीत असतं.

धोका सर्वांत जास्त पहिल्या वर्षात असतो, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. महिनाभर किंवा अधिक खंड पाडून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वर येतो. म्हणून ही पट्टी दोन महिने, मग सुट्टी, मग ती पट्टी, असं चाखत बसणं वाईट.

जाऊबाईंच्या डायानबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला नको. त्याच २०१३ साली फ्रान्सने तिची विक्री काही काळ थांबवली होती. युरोपच्या आढाव्यानंतर ती पुन्हा मिळू लागली, पण अट ठरली की मध्यम ते तीव्र पुटकुळ्यांना किंवा अंगावरच्या जास्त केसांना, आणि पुटकुळ्यांसाठी मलम किंवा अँटिबायोटिक वापरूनही भागलं नाही तरच. केवळ गर्भनिरोधक म्हणून ती द्यायची नाही. पीसीओएस, म्हणजे पाळी लांबवणारा आणि पुरुषी हार्मोन वाढवणारा अंडाशयांचा बिघाड, त्याच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही ती पहिल्या पसंतीची नाही. क्रिमसन-३५ म्हणजे तीच, नाव वेगळं. जाऊबाईंना ती कुणी विचार करून दिली असेल तर त्यांचं चालू द्या. तुमच्या चेहऱ्यावर तर अजून साधं मलमही झालेलं दिसत नाही.

आता तुमचं. हातातल्या तिसऱ्या पट्टीतल्या हार्मोनच्या २१ गोळ्या पूर्ण करा. पाणी साठण्याचा त्रास अनेकींना दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, आणि तुम्ही नेमक्या त्या टप्प्यावर आहात. तेवढ्या दिवसांत एक काम करा. कॅलेंडरवर रोज संध्याकाळी पायाची सूज आणि छातीचा जडपणा यांची खूण करा, आणि ती हार्मोनच्या गोळ्यांच्या दिवसांत जास्त पडते की शेवटच्या सात लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत, ते बघा. मागच्या दोन महिन्यांचं आठवत असेल तर तेही लिहा. काहींना पोट फुगणं, डोकं दुखणं आणि छाती ठणकणं हार्मोन बंद असताना जास्त होतं. त्यांना औषध बदलण्यापेक्षा तो खंड लहान केल्याने उतार पडतो.

सूज पाण्याचीच आहे का, ते घरी कळतं. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबा. खळगा राहिला आणि सकाळी उठल्यावर सूज बरीच ओसरलेली असली, दोन्ही पायांना सारखी असली, तर ती पाण्याचीच. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, किंवा अचानक दम लागून छातीत कळ येते, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. संयुक्त गोळी घेते, हे तिथे आधी सांगा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, असा माझा अनुभव आहे.

डोकेदुखीवर तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचं. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या वेड्यावाकड्या रेषा येतात का? नजरेचा एखादा भाग नाहीसा होतो, हात किंवा ओठाची एक बाजू बधिर होते, शब्द सापडत नाहीत, असं काही वेळ होऊन मग डोकं दुखतं का? तसं असेल तर तो पूर्वसूचनेसह येणारा अर्धशिशीचा प्रकार आहे. त्यात इस्ट्रोजेन असलेली कुठलीच गोळी चालत नाही, माला-डीसुद्धा नाही, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. मग गोळ्यांतली निवड तिथेच संपते आणि डॉक्टरांकडे जाऊन दुसरं साधन ठरवावं लागतं. नुसतं जागरणाने किंवा उन्हाने कपाळ दुखत असेल तर अडचण नाही. रक्तदाबही मोजून घ्या, तुम्ही लिहिलेला नाही. १४०/९० किंवा वर असेल तर संयुक्त गोळी नको. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांबद्दलही डॉक्टरांना खरं सांगा.

ही चाळणी पार झाली, घरी गुठळीचा इतिहास नाही, पोटॅशियम वाढवणारं औषध चालू नाही आणि तिसऱ्या पट्टीनंतरही सूज व पुटकुळ्या दोन्ही कायम आहेत, असं ठरलं तर मी तुम्हाला ड्रॉस्पिरेनॉनकडे नेईन. तीही मैत्रिणीची यास्मिन नाही. ३ मिलिग्रॅम ड्रॉस्पिरेनॉनबरोबर ०.०२ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन असलेली, २४ दिवस औषध आणि ४ दिवस रिकाम्या गोळ्या अशी रचना असलेली पट्टी. इस्ट्रोजेन कमी म्हणून छातीचा जडपणा कमी होण्याची आशा, खंड चारच दिवसांचा, आणि याच मिश्रणाला अमेरिकेत २००७ मध्ये गर्भनिरोधक हवं असलेल्या बायकांच्या पुटकुळ्यांसाठी मान्यता मिळाली होती. याची किंमत म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधेमधे डाग दिसू शकतात. इस्ट्रोजेन जितकं कमी तितकं हे जास्त, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

सूज ओसरली आणि पुटकुळ्या तेवढ्या राहिल्या, तर मात्र गोळी बदलायची घाई मी करणार नाही. माला-डीच चालू ठेवून रात्री अ‍ॅडापॅलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम, वाटाण्याएवढं, संपूर्ण हनुवटी-जबड्यावर पातळ पसरून. फक्त पुटकुळीवर टिपका लावून उपयोग नसतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा, कारण कातडी सुटते. उशीचा अभ्रा रंगीत नको, बेंझॉइल पेरॉक्साइडने रंग उडतो. मूल हवं असं ठरलं की अ‍ॅडापॅलीन आधी थांबवायचं.

बदलायचं ठरलंच, तर माला-डीची हार्मोनची एकविसावी गोळी झाल्यावर लोहाच्या सात गोळ्या बाजूला ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी नवी पट्टी सुरू करा. मध्ये खंड पडत नाही, म्हणून संरक्षण तुटत नाही आणि वेगळी काळजी लागत नाही. त्या महिन्यात पाळी पुढे जाईल किंवा थोडे डागच दिसतील, ते अपेक्षित आहे. नव्या पट्टीत रिकाम्या गोळ्या कुठल्या टोकाला आहेत ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या, भलत्या टोकापासून सुरू केली तर सुरुवातच रिकाम्या गोळ्यांनी होते. तीन महिन्यांनी रक्तदाब पुन्हा मोजा. चेहऱ्याचा फोटो महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढा. आरशाला रोज विचारलं तर तो रोज वेगळं सांगतो.

कुणी पुटकुळ्यांवर इस्ट्रोजेन नसलेली गोळी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन सुचवलं तर हे लक्षात असू द्या: त्यात एसएचबीजी वाढवणारा भागच नाही, त्यामुळे त्वचा सुधारण्याचा हिशोब तिथे लागू होत नाही आणि काहींचा चेहरा बिघडतो. गुठळीच्या किंवा अर्धशिशीच्या भीतीमुळे तो मार्ग घ्यावा लागला तर त्वचेचा इलाज वेगळा करायचा.

शेवटचं, गोळी सुरू करण्याआधी तुमची पाळी कशी होती ते तुम्ही लिहिलं नाही. दीड-दोन महिन्यांनी येत असेल, हनुवटीवर जाड केस असतील, तर हे पीसीओएस असू शकतं. आता टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून त्याचा छडा लागणार नाही, कारण गोळीने तो आकडा आधीच खाली आणलेला असतो. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘नॉर्मल’ बघून कुणी तुम्हाला परत पाठवलं, तर त्यांना गोळी चालू असल्याचं सांगा, आणि गोळीआधीच्या वर्षातल्या पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये सापडल्या तर त्या घेऊन जा.